सांगलीचं सकाळचं ऊन आणि बॉस्टनची डिसेंबरातली दुपार

बाळंतिणीला आणि बाळाला कोवळ्या उन्हात बसवायची पद्धत सांगली-साताऱ्यात घरोघरी आहे. अलीकडे ‘डी’ जीवनसत्त्व कमी असल्याचा रिपोर्ट हातात पडला, की मोठ्या माणसांनाही तोच सल्ला मिळतो: सकाळी आठ-साडेआठला गच्चीवर बसा. उबेसाठी हा सल्ला उत्तम आहे. ‘डी’साठी मात्र हिवाळ्यात तो जवळपास निरुपयोगी ठरतो. का, ते शंभर वर्षांच्या संशोधनातून हळूहळू उलगडलं.

सुरुवात मुडदुसापासून झाली. इंग्लंडच्या धुरकट शहरांत मुलांचे पाय वाकत होते. जपानमध्ये काम केलेल्या थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरने १८९० साली देशोदेशीची माहिती ताडून पाहिली आणि ऊन भरपूर तिथे हा आजार नाही, असं मांडलं. पण ऊन नेमकं काय करतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९१९ साली बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सोडला. एकाच हातावर प्रकाश पाडला तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सगळीकडे जात होतं. मला या सगळ्या इतिहासातला हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

ते ‘काहीतरी’ कशापासून बनतं, हे जर्मनीत विंडाउस यांच्या प्रयोगशाळेने १९३०च्या दशकात शोधलं. शरीर कोलेस्टेरॉल बनवतं, त्याच्या आधीच्या टप्प्यावरचा पदार्थ म्हणजे ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल. तो कातडीच्या वरच्या थरातल्या जिवंत पेशींत असतो. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण, म्हणजे यूव्हीबी, त्यावर पडले, की रेणूतलं एक कडं उघडतं आणि ‘प्री-व्हिटॅमिन डी३’ तयार होतं. पुढचं काम अंगाची ऊब करते. काही तासांत त्याचं डी३ होतं. यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात ते नंतर.

या किरणांचं दुखणं असं, की ओझोन त्यांना शोषून घेतो. सूर्य खाली असला की किरण हवेतून तिरके येतात, ओझोनमधला रस्ता लांबतो आणि उजेड लख्ख असूनही त्यातलं यूव्हीबी जवळपास संपलेलं असतं. १९८८ साली अमेरिकेत वेब, क्लाइन आणि हॉलिक यांनी कातडीचे नमुने आणि हा मूळ पदार्थ निरभ्र दिवशी उघड्यावर ठेवून पाहिला. ४२ अंश उत्तरेच्या बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी काहीच तयार झालं नाही. १८ अंशांवर मात्र ऐन हिवाळ्यातही काम झालं.

सांगली जवळजवळ १७ अंशांवर, सातारा त्याच्या थोडा वर. तेव्हा अक्षांशाची तक्रार आपल्याला करता येत नाही. पण घड्याळ बघा. डिसेंबरअखेर बॉस्टनचा सूर्य भर दुपारी क्षितिजापासून फार तर २४ अंश वर येतो. त्याच दिवसांत सांगलीत सकाळी साडेआठला तो जेमतेम १९ अंशांवर असतो आणि आपली सावली उंचीच्या जवळपास तिप्पट पडते. म्हणजे आपलं कोवळं ऊन बॉस्टनच्या वांझ दुपारपेक्षाही तिरकं! सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड व्हायला सव्वाअकरा वाजत येतात, आणि दोनच्या आधीच ती पुन्हा लांबते. तिरुपतीला केलेल्या मोजणीतही उपयोगाची वेळ ११ ते २ अशीच निघाली. खिडकीच्या काचेआड बसलात तर भर दुपारीही उपयोग नाही. साधी काच यूव्हीबी अडवते.

कातडीच्या रंगाचा भाग यानंतर येतो. कातडीला गडद रंग देणारं मेलॅनिन हेच किरण शोषतं, त्यामुळे मूळ पदार्थापर्यंत कमी पोहोचतात. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या छोट्या प्रयोगात गोऱ्या लोकांच्या रक्तातलं ‘डी’ ज्या मात्रेने झपाट्याने वाढलं, त्या मात्रेने गडद कातडीच्या लोकांत काहीच फरक पडला नाही. एकाला सहापट मात्रा दिल्यावर ते तितकं वाढलं. माणसं मोजकी होती, म्हणून ‘सहापट’ हा नियम समजू नये. पण रंगाने कारखाना बंद होत नाही, त्याची गती मंदावते, हे हॉलिक यांच्या १९८१च्या कामातूनही दिसलं होतं. कमाल उत्पादन दोन्हीकडे सारखंच: मूळ पदार्थाच्या साधारण १० ते १५ टक्के. त्यापुढे ऊन प्री-व्हिटॅमिनचंच लुमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल करून टाकतं, आणि ‘डी’ म्हणून ते निरुपयोगी असतात. म्हणूनच दिवसभर उन्हात राबून कोणाला ‘डी’ची विषबाधा होत नाही.

तासगावच्या द्राक्षबागेत डिसेंबरात विरळणी करणाऱ्या बाया भर दुपारी रानातच असतात. पण डोक्यावर वेलींचा मांडव, अंगात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला स्कार्फ. सूर्य हवा तितका वर, वेळही बरोबर. उघडी असतात ती फक्त बोटं आणि डोळ्यांभोवतीची कातडी.