मत्स्यालयातील नायट्रोजन चक्र

माशांच्या शरीरातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात उतरलेल्या अमोनियाचे जिवाणूंमुळे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते. या क्रमाला मत्स्यालयातील नायट्रोजन चक्र म्हणतात. तळ्यात याच्या पुढचा टप्पाही असतो. तळाच्या गाळात ऑक्सिजन पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. घरच्या काचेच्या टाकीत पाणी सतत खेळते राहत असल्याने हा टप्पा फारसा घडत नाही. नायट्रेट साचत जाते, आणि थोडेफार वनस्पतींनी शोषले तरी उरलेले पाणी बदलूनच काढावे लागते.

माशांचा बराचसा अमोनिया विष्ठेतून येत नाही, तो कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो. त्यामुळे तळ कितीही स्वच्छ ठेवला तरी अमोनिया तयार होतच राहतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: विषारी मुक्त अमोनिया आणि त्या मानाने निरुपद्रवी अमोनियम. साधारण २५ अंश सेल्सियसला, पीएच ७ असताना मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, तर पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. नेहमीचे चाचणी किट दोन्हींची बेरीज दाखवते, म्हणून अमोनियाचा आकडा पीएचसोबतच वाचायला हवा.

नायट्राइटचा त्रास वेगळा. ते कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घालवते. कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि हवेचा पंप चालू असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात.

अमोनियाचे नायट्राइट करणाऱ्यांत नायट्रोसोमोनास हा जिवाणू प्रसिद्ध आहे. पुढच्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला दिले जाई, पण मत्स्यालयांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, असे १९९८ मधील संशोधनात दिसले. काही नायट्रोस्पायरा दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात, हे २०१५ मध्ये उघड झाले. हे जिवाणू वाहत्या पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजला आणि खड्यांना चिकटून राहतात. म्हणून पाणी बदलल्याने त्यांची संख्या फारशी घटत नाही. स्पंज नळाखाली धुतला तर मात्र क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्याच पाण्यात स्पंज पिळून घ्यावा. वीज बराच वेळ गेली तरी बंद फिल्टरमधला ऑक्सिजन संपून हेच नुकसान होते.

त्यांची वाढ संथ असल्याने नवी टाकी स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजावे. चालू टाकीतला जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला तर हा काळ बराच कमी होतो.

पाणी किती बदलायचे, हे खाद्यावरून ठरते. समजा टाकीत ५० लिटर पाणी आहे आणि रोज अर्धा ग्रॅम खाद्य पडते. त्यात ४० टक्के प्रथिने असतील आणि त्यांतला निम्मा नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडला, तर आठवड्याला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. दर आठवड्याला पाव पाणी बदलले, तर नायट्रेट चढत जाऊन बदलापूर्वी ४० मिलिग्रॅमवर स्थिरावते, कारण ४० चा पाव भाग म्हणजे आठवड्याची भर. निम्मे पाणी बदलले, तर ते २० वरच थांबते. नळाच्या पाण्यात आधीच नायट्रेट असेल, तर तेवढे यात मिळवावे. बाष्पीभवनाने घटलेली पातळी नुसती भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे; वाफ जाते, नायट्रेट मागेच राहते.

पाणी न बदलण्याचा याहून मोठा धोका आम्लतेचा आहे. अमोनियाचे रूपांतर होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातले कार्बोनेट क्षार खर्च करते. क्षार संपले की पीएच घसरतो, आणि ६ च्या खाली जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. अमोनिया साचतो, पण अमोनियमच्या रूपात, म्हणून मासे तग धरून असतात. अशा वेळी कोणी काळजीपोटी एकदम निम्मे ताजे पाणी ओतले, तर पीएच उसळतो, अमोनियमचे मुक्त अमोनियात रूपांतर होते आणि मासे काही तासांत मरू शकतात. दोष पाण्याला दिला जातो, पण कारण आधीचे दुर्लक्ष असते. अशा टाकीत आधी अमोनिया आणि पीएच तपासावेत, खाद्य थांबवावे आणि क्लोरीन घालवलेले पाणी रोज दहा टक्क्यांहून जास्त न घालता, अमोनिया उतरेपर्यंत बदलत राहावे.