नमुन्यात गळती कशी धरायची: ९१ चे १०८ कसे झाले?

(थिसिस आणि सर्वेक्षणाच्या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्यांसाठी)

सॅम्पल साइजचा आकडा आम्ही दिला की पुढच्याच आठवड्यात बहुतेकांचा फोन येतो. "सर म्हणाले, वर १० टक्के टाका. टाकले. बरोबर आहे ना?" या एका वाक्यात दोन चुका असू शकतात. एक गणिताची, दुसरी त्या १० ची. गणिताची चूक लहान असते, म्हणून ती आधी उरकू.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, रक्तक्षय असलेल्या गरोदर बायकांचे दोन गट आहेत. एका गटाला नेहमीच्या लोहाच्या गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि रोज एक नाचणी-तीळ-गुळाचा लाडू. ८ आठवड्यांनी दोन्ही गटांचं हिमोग्लोबिन तपासायचं. सरासरीत ०.५ ग्रॅमचा फरक पकडायचा आहे, प्रमाण विचलन १.२ ग्रॅम, पॉवर ८० टक्के आणि सार्थकतेची पातळी ५ टक्के. या आकड्यांवरून प्रत्येक गटात ९१ बायका लागतात.

पण या ९१ म्हणजे शेवटच्या तपासणीला हजर असलेल्या ९१. नाव नोंदवलेल्या नव्हेत. गळती १५ टक्के धरली तर बरेच जण ९१ ला १.१५ ने गुणतात आणि १०५ लिहितात. आता १०५ मधून १५ टक्के वजा करून पाहा. ८९ उरतात. म्हणजे गळती अगदी अंदाजाइतकीच झाली तरी आकडा कमी पडतो.

मटार आणताना आपण ही चूक करत नाही. एक किलो दाणे हवेत आणि निम्मं वजन टरफलात जातं हे माहीत असेल, तर दीड किलो शेंगा आणून चालत नाही. पाऊणच किलो दाणे निघतात. दोन किलो आणाव्या लागतात. टक्के वजा होतात ते आणलेल्या मालातून, हव्या असलेल्या मालातून नव्हे. म्हणून गुणायचं नाही, भागायचं:

```
N = n / (1 - d)
91 / (1 - 0.15) = 107.06
```

अपूर्णांक आला की नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा. १०७ घेतल्या तर ९०.९५ उरतात, म्हणून १०८. दोन गटांच्या मिळून २१६. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटीचा अर्ज आणि सीटीआरआय नोंदणी या तिन्ही ठिकाणी हाच आकडा हवा. एकीकडे १८२ आणि दुसरीकडे २१६ असं झालं की प्रश्न येतो, आणि तो बरोबरच असतो.

आता त्या १५ कडे. तो कुठून आणायचा?

"सगळे १० धरतात" हे उत्तर नाही. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. २४ व्या आठवड्याला नाव नोंदवलं आणि तपासणी ३२ व्या आठवड्याला ठेवली, तर ती नेमकी त्याच दिवसांत दुसऱ्या तालुक्यात असणार. तिने अभ्यास सोडलेला नसतो, ती फक्त तुमच्या ओपीडीत येणार नसते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असलेल्या भागात हीच गोष्ट दिवाळीच्या सुमाराला घडते. तेव्हा आधी तुमच्याच विभागाचं जुनं रजिस्टर काढा. गेल्या वर्षी २० ते २४ आठवड्यांत आलेल्या सलग ६० बायका घ्या आणि ८ आठवड्यांनी किती परत आल्या ते मोजा. ५१ आल्या असतील तर गळती १५ टक्के.

मात्र ६० नोंदींवरून काढलेले हे १५ टक्के प्रत्यक्षात ८ असू शकतात, २६ही असू शकतात. म्हणून आम्ही एका आकड्यावर थांबत नाही. १० टक्क्यांना प्रत्येक गटात १०२, १५ ला १०८, २५ ला १२२ असे आकडे शेजारी मांडतो आणि ओपीडीला कुठवर झेपेल ते तुम्हाला ठरवायला सांगतो. आणि १५ धरून प्रत्यक्षात ३० टक्के गेल्या तर? प्रत्येक गटात ७५ उरतात आणि पॉवर ८० वरून साधारण ७२ वर येते. अभ्यास वाया जात नाही, पण खरा फरक हुकण्याची शक्यता वाढते.

एक गल्लत फार होते. लाडू खाणं सोडलं, पण ८ आठवड्यांनी रक्त द्यायला आली, ती गळती नव्हे. तिची नोंद तिच्या मूळ गटातच राहते आणि विश्लेषणातही येते. तिच्यामुळे संख्या कमी होत नाही, दोन गटांमधला फरक पातळ होतो. १५ टक्के बायकांनी लाडू अगदी सुरुवातीलाच सोडला तर ०.५ चा फरक ०.४२५ वर येतो, आणि भागाकार वर्गाने करावा लागतो. ९१ ला ०.८५ ने दोनदा भागा: १२६. त्यावर न येणाऱ्यांचे १५ टक्के वेगळे धरले की १४९. आकडा बघून पोटात गोळा येतो, मान्य आहे. म्हणूनच "ड्रॉपआउट किती?" असं विचारल्यावर आम्ही उलट विचारतो: येणार नाहीत त्या, की येतील पण घेणार नाहीत त्या?

आणि जे काम हा भागाकार करत नाही तेही सांगून ठेवतो. तो फक्त संख्या भरून काढतो. लाडूने मळमळ झालेल्या बायका लाजेने यायच्या बंद झाल्या, तर उरलेल्या गटात लाडू पचलेल्याच राहतात आणि निकाल खऱ्याहून गोड दिसतो. १०८ ऐवजी ३०० घेतल्या तरी हे सुटत नाही. ते ओळखायचं कसं? दोन गटांतली गळती वेगवेगळी मोजा, आणि गेलेल्यांचं सुरुवातीचं हिमोग्लोबिन राहिलेल्यांच्या शेजारी ठेवून पाहा. एका गटात ६ आणि दुसऱ्यात २२ गेल्या असतील तर एकूण गळती अंदाजाच्या आत असूनही काळजीचं कारण आहे. माहेरचा फोन नंबर आणि गावाचं नाव पहिल्याच दिवशी लिहून घेणं हा यावर आमच्या मते सर्वात स्वस्त उपाय. रक्त माहेरच्या जवळच्या केंद्रात तपासता येईल का, हेही प्रोटोकॉलमध्येच ठरवा. तसं केलंत तर पद्धत दोन्हीकडे सारखीच असू द्या.

घरोघरच्या सर्वेक्षणातही भागाकार तोच. ३८५ उत्तरं हवीत आणि २० टक्के घरं उत्तर देणार नाहीत असं वाटत असेल तर यादीत ४८२ घरं घ्या. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं दार वाजवू नका. दुपारी कुलूप असतं ते नवरा-बायको दोघंही कामाला जाणाऱ्यांच्या घरांना, आणि शेजारची आजी त्यांच्या वतीने उत्तर देऊ शकत नाही. संध्याकाळी पुन्हा जा, रविवारी जा. तरीही नाहीच भेटले तर "उत्तर नाही" असं लिहा.

अभ्यास निम्मा झाल्यावर गळती जास्त दिसली तर आम्हाला लगेच कळवा. दोन गटांचे निकाल न उघडता, फक्त हजेरीवरून नवा आकडा काढून एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती मागता येते. गेलेल्यांच्या जागी गुपचूप नवीन बायका घालणं मात्र चालत नाही. लेखातल्या कॉन्सॉर्ट आकृतीत किती आल्या, किती गेल्या आणि का गेल्या हे सगळं मांडावं लागतं.

पहिल्या भेटीला येताना रजिस्टरमधली ती ६० नावांची मोजणी (नावं झाकून), फॉलो-अपचं वेळापत्रक आणि रोजची ओपीडी किती हे घेऊन या. मार्गदर्शकांनी सांगितलेले १० टक्केही सांगा. कधीकधी ते बरोबरही निघतात.