व्हिनियर, फेव्हिकॉल आणि इस्त्री: फुगे येतात कुठून?

इस्त्रीने व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवताना बहुतेकांचा एक समज असतो, की इस्त्रीच्या उष्णतेने गोंद सुकतो आणि पापुद्रा धरतो. खरा प्रकार उलटा आहे. गोंद आधी सुकवायचा असतो. इस्त्री त्याला पुन्हा मऊ करण्यासाठी असते. हा क्रम चुकला की फुगे येतात आणि कडा उचलतात, मग गोंद कितीही महागाचा असो.

सुतारकामातला पांढरा गोंद, ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो, म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण. यात साधारण अर्धा भाग पाणीच असतं. पाणी निघून गेलं की कण एकमेकांना चिकटून पारदर्शक थर तयार होतो. हा थर थर्मोप्लास्टिक असतो, म्हणजे तापवला की मऊ, निवला की घट्ट, आणि हे पुन्हापुन्हा करता येतं. दोन सुकलेले थर समोरासमोर ठेवून तापवले की त्यांच्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत घुसतात आणि दोनाचा एक थर होतो. इस्त्रीचं काम एवढंच.

आता एक नेमकं उदाहरण घेऊ. मे महिना, परभणी, पत्र्याची शेड. टिपॉयचा फळा ६० बाय ४५ सेंटिमीटर, १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचं सागाचं व्हिनियर लावायचंय. व्हिनियर चारही बाजूंनी एकेक सेंटिमीटर जास्तीचं कापायचं. फळ्याला आणि व्हिनियरच्या मागच्या बाजूला प्रत्येकी ४५-५० ग्रॅम गोंद पुरतो. तो फोमच्या रोलरने सारखा पसरावा. ब्रश कडेपाशी आल्यावर गोंद ओढून नेतो आणि नेमका तिथेच थर पातळ पडतो. एमडीएफच्या कडा पाणी भराभर पितात, म्हणून कडेच्या तीन बोटं रुंद पट्ट्यावर पहिला हात सुकल्यावर दुसरा हात द्यायचा. कडा उचलण्याची निम्मी कारणं इथेच मिटतात.

गोंद लावताच व्हिनियर गुंडाळी व्हायला लागतं. लाकूड पाणी पिऊन रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि ओली बाजू फुगली की कोरड्या बाजूकडे वळतं. दर्शनी बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारला की दोन्ही बाजू सारख्या फुगतात आणि पान बऱ्यापैकी सपाट राहतं.

यानंतर थांबायचं, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नेमकं थांबण्यातच फसायला होतं. चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत गोंदाचा वरचा थर पंधरा-वीस मिनिटांत काचेसारखा पारदर्शक दिसायला लागतो. माणसाला वाटतं, झालं. पण वर साय धरली की खालचं पाणी अडकून बसतं, दुधासारखंच. पंख्याखाली किंवा दारातून येणाऱ्या लूच्या झोतात ठेवलं तर हे जास्तच होतं. म्हणून सावलीत, वारा न लागेल असं तासभर ठेवावं आणि बोटाच्या मागच्या बाजूने तपासावं. गार लागलं तर आतून पाणी अजून उडतंय, बाष्पीभवन उष्णता ओढून घेतं म्हणून ते गार लागतं. जिथे जाड ओघळ राहिलाय तिथे पांढुरका डागही दिसतो. तो गेल्याशिवाय इस्त्री हातात घ्यायची नाही.

एवढा आग्रह का, तर एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती जवळपास १,७०० मिलिलिटर जागा मागते. पाण्याचा एक थेंब साधारण एक विसांश ग्रॅमचा, म्हणजे त्याची ८० मिलिलिटरच्या वर वाफ. अर्ध्या मिलिमीटरच्या सागाखाली तिला जायला वाट कुठे? ती पापुद्रा उचलते आणि फुगा होतो. अर्थात इस्त्रीतही पाणी असता कामा नये. वाफेची इस्त्री असेल तर टाकी रिकामी करून वाफ बंद करावी, साधी जुनी इस्त्री या कामाला उत्तम.

इस्त्री सुती कापडाच्या खुणेच्या किंचित अलीकडे ठेवा आणि मध्ये बटर पेपर घाला. मधून सुरुवात करून रेषांच्या दिशेने कडेकडे या. हात संथ हवा, कारण उष्णतेला लाकूड ओलांडून गोंदापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. इस्त्री पुढे सरकली की तिच्या मागोमाग गुळगुळीत लाकडी ठोकळा दाबत न्यायचा. माझ्या मते या कामातलं खरं अवजार हा ठोकळाच. इस्त्रीखाली गोंद फक्त मऊ असतो, तो धरतो निवताना, आणि त्या वेळी दाब नसेल तर पापुद्रा परत उचलतो. एकाच जागी चार-पाचदा इस्त्री फिरवणंही वाईट, कारण लाकूड फार सुकून आखडतं आणि दोन पानांच्या जोडात फट पडते.

मे महिन्यात आणखी एक अडचण येते. हा गोंद तीस ते चाळीस अंशांच्या आसपासच कडकपणा सोडू लागतो. दुपारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो निवतच नाही, नुसता चिवट राहतो. म्हणून हे काम सकाळी सातच्या आत आटपावं.

फळा निवल्यावर तपासणी. परभणीतले एक मिस्त्री सांगतात, "अहो, डोळ्यानं काय दिसतंय, नखानं वाजवा." भरीव जागी आवाज बसका येतो, पोकळ जागी कागदासारखा फडफडता. पोकळ जागेवर पुन्हा इस्त्री फिरवून ठोकळा दाबा. बसलं, तर गोंद होता, उष्णता कमी पडली होती. नाही बसलं, तर तिथे गोंदच नाही. मग रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद सोडावा, वर बटर पेपर आणि वजन ठेवावं. इथे इस्त्री नको, गोंद ओला आहे. जास्तीच्या कडा दुसऱ्या दिवशी कापाव्यात, आणि पॉलिश पेपर वरून खालीच ओढावा. खालून वर ओढला की नुकती बसलेली कड सुटते.

पाऊस आला की या कडांची परीक्षा होते. मे महिन्यात लाकडातला ओलावा ४-५ टक्क्यांवर उतरतो, श्रावणात १५ टक्क्यांच्या आसपास चढतो. सागाच्या पापुद्र्याची रुंदी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे साधारण ०.१८ टक्के बदलते असं धरलं, तर ४५ सेंटिमीटर रुंदीला दहा टक्क्यांत आठ मिलिमीटर होतात. एमडीएफ एवढा वाढत नाही. म्हणजे सुटा पापुद्रा जेवढा पसरला असता तेवढा ताण गोंदाने धरून ठेवायचा असतो, आणि तो कडेला सर्वात जास्त जाणवतो. फळ्याच्या मागेही स्वस्तातलं व्हिनियर लावलं नाही तर हाच ताण फळ्याला बाक आणतो.

गरम केल्यावर मऊ होण्याचा गुण जिथे फळ्याला ऊन लागतं तिथे मात्र नडतो. पश्चिमेच्या खिडकीतला गडद रंगाचा कट्टा उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि कडा हळूहळू सरकतात. अशा जागेसाठी युरिया फॉर्माल्डिहाइडचा, हार्डनर घालून वापरायचा गोंद घ्यावा आणि शिकंजात दाबून ठेवावं. तो एकदा पक्का झाला की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही, म्हणून इस्त्रीने लावताही येत नाही.