डबक्यातून धावणारं मूल आणि हवेत थांबलेलं पाणी

पावसाळ्यात डबक्यातून धावत सुटलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाचं चित्र हवं असेल, तर छायाचित्रकाराला किंवा चित्रकाराला आपण काय सांगतो? बहुतेकदा ‘अ‍ॅक्शन पाहिजे, पाणी उडताना दिसू दे’ एवढंच. मग हाती येतं ते एक तर पुसट चित्र, नाही तर अगदी स्पष्ट पण डबक्यात नुसतंच उभं असल्यासारखं मूल. चित्र स्पष्ट येणं आणि त्यात वेग जाणवणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शटर स्पीडच्या आकड्यातून सांगता येते. दुसरीसाठी शरीराची ठेवण शब्दांत सांगावी लागते.

आधी आकडा पाहू. हे मूल साधारण सेकंदाला ४ मीटर वेगाने कॅमेऱ्यासमोरून आडवं धावतंय असं धरू. शटर १/१२५ सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात ते ३२ मिलिमीटर पुढे सरकतं. १/५०० ला ८ मिलिमीटर, १/१००० ला ४. हे सरकणं डोळ्याला खटकेल का, ते चौकट किती मोठी आहे यावर ठरतं. चौकटीत ३ मीटर रुंदीचा देखावा मावतोय आणि फोटो मोबाइलवर साधारण हजार ठिपक्यांच्या रुंदीत दिसणार आहे, असं समजा. म्हणजे एक ठिपका ३ मिलिमीटरचा. १/१२५ ला मूल दहा ठिपके फासलं जाईल, चेहरा ओळखू येणार नाही. १/१००० ला जेमतेम एक-दीड ठिपका, म्हणजे ते स्पष्टच दिसेल. हाच फोटो मोठ्या भित्तिपत्रकावर छापायचा असेल, तर मात्र हिशेब नव्याने मांडायला हवा.

पण धावताना सगळं शरीर एका वेगाने जात नाही. जमिनीवर टेकलेलं पाऊल त्या क्षणी जवळपास स्थिर असतं. मागून पुढे येणारं पाऊल धडाच्या सुमारे दुप्पट वेगाने झेपावतं. त्यामुळे १/५०० ला चेहरा बरा दिसतो, पण पुढे येणारा पाय पुसट होतो. पायही स्पष्ट हवा असेल तर १/२००० सांगावं. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते, कारण १/१२५ च्या तुलनेत कॅमेऱ्यात फक्त सोळावा हिस्सा प्रकाश शिरतो. ढगाळ दिवशी भिंग एफ/४ ला उघडं ठेवलं तरी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ८०० ते १६०० पर्यंत चढवावी लागते, आणि सावलीच्या भागात दाणे दिसू लागतात. पायाची थोडी पुसट कड चालणार असेल, तर हट्टाने १/२००० मागू नये.

आता ठेवण. घोडा दौडताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतो, असं युरोपातले चित्रकार कित्येक वर्षं रंगवत आले. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने १२ कॅमेरे लावून दौडत्या घोड्याचे फोटो घेतले. चारही खूर जमिनीपासून सुटतात हे त्यात दिसलं, पण ते सुटतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. वेग दाखवायला कोणता क्षण निवडायचा, याची कल्पना आणि शरीराचं वास्तव यांत किती अंतर असू शकतं, ते त्या फोटोंनी उघड केलं.

मुलाच्या धावण्यातला निवडण्याजोगा क्षण असा असतो: दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, पुढचा गुडघा वर, मागचा पाय ताणलेला, धड किंचित पुढे झुकलेलं आणि पुढच्या पायाच्या विरुद्ध बाजूचा हात पुढे. डावा गुडघा पुढे असेल तर उजवा हात. एकाच बाजूचे हात-पाय पुढे दाखवले, की कारण सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. ठेवण तपासायची माझी कसोटी साधी आहे: या अवस्थेत मूल दोन सेकंद स्थिर उभं राहू शकेल का? राहू शकत असेल, तर १/४००० ला टिपलेला फोटोही थांबलेलाच वाटेल. मागे राहिलेले केस आणि पाठीवर फुगलेला सदरा हेच काम आणखी पक्कं करतात, म्हणून तेही सांगावेत.

पाण्याचा हिशेब सगळ्यात रंजक आहे, आणि चित्रं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच. पाऊल पडल्याबरोबर पायाभोवती कमरेएवढे शिंतोडे उडालेले दाखवतात. पण ४० सेंटिमीटर उंच जाणाऱ्या थेंबाला वर पोचायला साधारण ०.२८ सेकंद लागतात. तेवढ्यात ४ मीटर वेगाने धावणारं मूल मीटरभर पुढे गेलेलं असतं. म्हणजे पाण्याचा कारंजा पूर्ण उंचीवर असतो तेव्हा मूल त्याच्या पुढे असतं. पुढे फेकलेले काही थेंब सोबत आले तरी मोठा फुलोरा मागेच राहतो. ज्या पावलाने आत्ता पाण्याला स्पर्श केला, त्याच्याभोवती फक्त बाजूला पसरणारा पातळ, बुटका पडदा असतो. पायाभोवती भरगच्च पाणी हवंच असेल, तर धावणं सोडून जोडपायांनी मारलेली उडी मागावी. तिथे मूल जागच्या जागी दबतं, गुडघे वाकतात आणि पाणी त्याच्या चारी बाजूंनी वर चढतं.

वर पोचलेला थेंब क्षणभर उभ्या दिशेने थांबतो, म्हणून १/१००० ला तो गोल दिसतो. नुकताच सुटलेला थेंब मात्र सेकंदाला जवळपास ३ मीटर वेगाने निघालेला असतो. ३ मिलिमीटरचा असा थेंब १/१००० ला दुप्पट लांबीच्या रेषेसारखा उमटतो. दुरून घेतलेल्या फोटोत ते जाणवत नाही, पण फक्त पाऊल आणि पाणी जवळून टिपायचं असेल तर १/४००० पर्यंत जावं लागतं. अंधाऱ्या खोलीत पडणारा एकच थेंब टिपणारे लोक शटरवर विसंबतच नाहीत. फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवला की तो १/२०,००० सेकंदाच्या आसपास चमकून विझतो, आणि तेवढाच क्षण उमटतो.

धुळीचं गणित वेगळं. मातीतल्या कबड्डीत चढाई करणारा घसरतो तेव्हा जाड खडे पाण्याच्या थेंबांसारखेच उडतात, पण बारीक धूळ हवेच्या रोधामुळे लगेच मंदावते आणि तरंगत राहते. तिच्यासाठी १/५०० पुरतं. ती दिसणं उजेडाच्या दिशेवर ठरतं. बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून मावळतीचं ऊन खेळाडूच्या मागून कॅमेऱ्याकडे येत असेल आणि पाठीमागे गडद झाडी असेल, तर धूळ उजळून निघते. तीच धूळ पाठीवर ऊन घेऊन टिपली तर फिकी पडते. तेव्हा इथे सूचनेत आकड्याआधी ‘मागून उजेड, मागे गडद पार्श्वभूमी’ हे यावं.

रात्रीच्या सामन्यात एक अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/१००० ला एक फोटो उजळ, पुढचा काळपट येतो, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे उमटतात. सामन्याआधी पाच-सहा फोटो सलग घेतले की हे कळतं. कॅमेऱ्यात या लुकलुकीवर उपाय करणारी सोय नसेल तर १/१०० वर यावं, आणि मग क्षण असा निवडावा की शरीर स्वतःच थांबलेलं असेल: उडीचा माथा, किंवा चढाईत दिशा बदलताना पाय रोवलेला आणि धड एका बाजूला कललेलं. ३० सेंटिमीटरच्या उडीत हवेतला एकूण वेळ जवळपास अर्धा सेकंद असतो आणि त्यातला ०.२ सेकंद वरच्या ५ सेंटिमीटरमध्येच जातो. माणसाला पाहून बटण दाबायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून खेळाडू जमीन सोडतो तेव्हाच बटण दाबायचं असतं.