‘तंत्र ओळखा, २ मार्क’ हा प्रश्न आला कुठून?

नागरिकशास्त्राच्या पेपरात युद्धकाळातलं पोस्टर द्यायचं आणि खाली ‘यातलं प्रचारतंत्र ओळखा’ असं विचारायचं, हे आता इतकं रुळलंय की पेपर काढणारा फार विचारच करत नाही, मीही कित्येकदा केला नाही. याचं मूळ १९३७ च्या न्यूयॉर्कमध्ये सापडतं. तिथे ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस’ नावाची संस्था निघाली, कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधले क्लाइड मिलर त्यात पुढे होते, आणि त्यांनी शाळांसाठी सात युक्त्यांची यादी छापली. शिक्के मारणं, गोड गोड मोठे शब्द वापरणं, ‘सगळे करतायत तुम्हीही करा’, सोयीचीच माहिती पुढे करणं वगैरे. यादी पाठ करायला सोपी, तपासायला त्याहून सोपी, त्यामुळे ती टिकली. संस्था मात्र अमेरिका युद्धात उतरल्यावर लगेच १९४२ मध्ये बंद पडली, कारण तीच चाळणी आता स्वतःच्या सरकारलाही लागणार होती.

पण यादीची गोची अशी की पोरगं लेबल लावून मोकळं होतं. ‘हे खरं होतं का, कोणाला कसं कळलं’ हे विचारलंच जात नाही. त्यासाठी पोस्टरपेक्षा बातमी बरी, आणि माझ्या मते पहिल्या महायुद्धातल्या ‘प्रेतांच्या कारखान्या’इतकी चांगली बातमी दुसरी नाही.

झालं असं की एप्रिल १९१७ मध्ये बर्लिनच्या ‘लोकाल-आन्त्सायगर’ पेपरात एका वार्ताहराने लिहिलं, की आघाडीमागून जाताना घाण वास आला, तिथे सैन्याची Kadaververwertungsanstalt, म्हणजे ‘Kadaver’चा उपयोग करून घेणारी संस्था आहे, तिथे चरबीचं वंगणतेल होतं आणि उरलेलं दळून डुकरांचं खाद्य आणि खत. आता गंमत बघा, इंग्रजीत कॅडेव्हर म्हणजे माणसाचं प्रेत, पण जर्मनमध्ये Kadaver हा शब्द सहसा मेलेल्या जनावरासाठी. युद्धात घोडे तर ढिगाने मरत होते. १७ एप्रिलला लंडनच्या ‘टाइम्स’ आणि ‘डेली मेल’ने या तुकड्याला एक बेल्जियन मजकूर जोडला, ज्यात जर्मन सैनिकांचीच प्रेतं उकळतात असं सविस्तर वर्णन होतं, आणि दोन्ही शेजारी शेजारी वाचले की जर्मनांनी स्वतःच कबूल केल्यासारखं वाटतं.

मग ३० एप्रिलला पार्लमेंटमध्ये प्रश्न आला. लॉर्ड रॉबर्ट सेसिल सरकारतर्फे साधारण असं म्हणाले, की आमच्याकडे वेगळी माहिती नाही, पण जर्मन सैन्याचं बाकीचं वागणं बघता या आरोपात अविश्वसनीय असं काही नाही. याला खोटं म्हणता येत नाही आणि दुजोराही म्हणता येत नाही. सात युक्त्यांच्या यादीत हे वाक्य कुठे बसवणार?

पुढे डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी सभागृहात सांगितलं की या गोष्टीला आधार नव्हता हे जर्मन चान्सलरचं म्हणणं आपण मान्य करतो. जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या लोकार्नो करारावर लंडनमध्ये सह्या झाल्या तो हाच महिना, म्हणजे कबुलीलाही वेळ साधलेली दिसते, हे मुलांच्या लक्षात आलं तर पैकीच्या पैकी.

प्रश्न काढताना मी पहिल्या उताऱ्यात तो जर्मन शब्द तसाच ठेवते आणि खाली दोन्ही अर्थ देते. ‘प्रेत’ असं भाषांतर करून दिलं तर उत्तर आपणच फोडलं. पहिला प्रश्न साधा, माणसांची प्रेतं हे नेमकं कुठल्या उताऱ्यात लिहिलंय आणि कुठल्या उताऱ्यात ते नसतानाही आपण मनाने वाचतो. दुसरा, सेसिल यांचं उत्तर वाचून वाचक काय समजला असेल आणि शब्दशः काय म्हटलंय. इथे निम्मी मुलं ‘सरकारने बातमी खरी म्हटली’ असं लिहितात, आणि तेच तपासायचं असतं.

पोस्टर वापरूच नका असं नाही, पण ‘लोकांवर काय परिणाम झाला’ हे नुसत्या चित्रावरून विचारू नका. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ घ्या. १९३९ मध्ये जवळपास २४.५ लाख प्रती छापल्या, पण त्या फारशा लावल्याच नाहीत, बहुतेक रद्दीत गेल्या, आणि ते गाजलं २००० साली ऍल्निकच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडल्यावर. तरी मुलं बिनधास्त लिहितात की याने ब्रिटिशांचं मनोधैर्य वाढलं.

शेवटचा ५ मार्कांचा प्रश्न मी १९४३ वर ठेवते. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश गुप्तवार्ता समितीचे प्रमुख कॅव्हेंडिश-बेंटिंक यांच्याकडे पोलंडमधल्या गॅस चेंबर्सचे रिपोर्ट आले होते, आणि त्यांनी शेरा मारला की हे मागच्या युद्धातल्या त्या प्रेतांच्या चरबीच्या गोष्टीसारखं वाटतं. यावेळी रिपोर्ट खरे होते. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर दोन्हींमधला फरक ओळखायला कुठला पुरावा मागितला असता?