संहती आणि अभिक्रियेचा दर : थायोसल्फेट प्रयोग

अभिक्रियाकारकाची संहती बदलली की अभिक्रियेचा दर कसा बदलतो, हे मोजून दाखवणारा प्रयोग. सोडियम थायोसल्फेटच्या (बोलीत ‘हायपो’) द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले की गंधकाचे बारीक कण तयार होऊन द्रावण गढूळ होते. पात्राखाली कागदावर काढलेली फुली दिसेनाशी होण्यास लागणारा वेळ हेच येथे मोजमाप. गोव्यातील उच्च माध्यमिक शाळांत बारावीच्या रसायनशास्त्र प्रात्यक्षिकांत हा प्रयोग रूढ आहे. अभिक्रिया अशी :

Na₂S₂O₃ + 2HCl → 2NaCl + H₂O + SO₂ + S

संहतीचा दराशी संबंध मोजण्याची सुरुवात साधारणपणे व्हिल्हेल्मी यांच्यापासून धरतात. त्यांनी १८५० मध्ये आम्लातील साखरेच्या विघटनाचा वेग ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने मोजला. अभिक्रियेचा वेग अभिक्रियाकारकांच्या प्रमाणाशी जोडणारा गुल्डबर्ग व वागे यांचा वस्तुमान-क्रियेचा नियम १८६४ चा. थायोसल्फेटकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले असावे. फुलीची युक्ती शाळेत नेमकी केव्हा आली हे निश्चित सांगता येत नाही. ती विसाव्या शतकातली असावी.

समीकरण सोपे दिसते, पण अभिक्रिया तशी नाही, आणि अभ्यासकांचे मतभेद इथेच आहेत. दर संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, तो आकडा म्हणजे अभिक्रियेची कोटी. वर्गात बहुतेकदा ‘थायोसल्फेटच्या संदर्भात कोटी एक’ असे उत्तर मिळते. गंधकनिर्मितीच्या काटेकोर मापनांतून मात्र दीडच्या आसपासची कोटी सुचवली गेली आहे. डेव्हिस यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या यंत्रणेत थायोसल्फेटचे आयन एकामागून एक जोडले जाऊन गंधकाची साखळी लांबत जाते आणि शेवटी तिचे वलय बंद होऊन गंधक सुटा होतो. लामेर व डिनेगर यांनी १९५० मध्ये याच द्रावणातील गंधकाच्या कणांवर काम केले. गंधक तयार होऊ लागला तरी त्याचे द्रावण पुरेसे अतिसंपृक्त होईपर्यंत कण दिसत नाहीत, हे त्यांच्या विवेचनाचे सार. म्हणजे फुली दिसेनाशी होईपर्यंतच्या वेळेत कण जन्मण्यापूर्वीचा थांबाही मोजला जातो. म्हणून ही वेळ t धरली, तर १/t ही दराची थेट किंमत न मानता दराच्या प्रमाणात बदलणारी अंदाजे राशी मानणे अधिक सुरक्षित. शाळेतील उत्तर चुकीचे नाही, पण ते वेगळ्याच गोष्टीचे उत्तर आहे.

आखणीचे तत्त्व एकच : थायोसल्फेट सोडून काहीही बदलायचे नाही. २४.८ ग्रॅम स्फटिकी हायपो ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर केला की ०.१ मोलर द्रावण मिळते. दर खेपेस द्रावण व पाणी मिळून ५० मिलि. घ्यावे. त्यात २ मोलर आम्ल ५ मिलि. एकदम ओतावे, त्याच क्षणी घड्याळ सुरू करावे, पात्र एकदाच हलवून फुलीवर ठेवावे आणि वरून सरळ खाली पाहावे. पाणी केवळ संहती कमी करण्यासाठी घालतात असा समज असतो. प्रत्यक्षात द्रावणाची उंची सारखी राहणेही तितकेच महत्त्वाचे. ५० मिलि.ऐवजी नुसते १० मिलि. द्रावण घेतले, तर थर उथळ होतो आणि तेवढ्याच गढूळपणात फुली जास्त वेळ दिसत राहते. मग संहतीचा परिणाम पाहतो आहोत की उंचीचा, हे कळत नाही. पात्र, फुली आणि डोळे सर्व वाचनांना तेच असावेत.

पुढील तक्ता नोंद कशी करावी हे दाखवण्यासाठी आहे. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. संहती म्हणजे आम्ल मिसळल्यानंतरच्या ५५ मिलि. मिश्रणातली.

| हायपो (मिलि.) | पाणी (मिलि.) | संहती (मोल/लि.) | वेळ t (से.) | १०००/t | हायपो × t |
|---|---|---|---|---|---|
| ५० | ० | ०.०९१ | ३० | ३३.३ | १५०० |
| ४० | १० | ०.०७३ | ३८ | २६.३ | १५२० |
| ३० | २० | ०.०५५ | ५१ | १९.६ | १५३० |
| २० | ३० | ०.०३६ | ७९ | १२.७ | १५८० |
| १० | ४० | ०.०१८ | १७२ | ५.८ | १७२० |

शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, पण वाचनांची खरी परीक्षा त्यानेच होते. कोटी नेमकी एक असती तर गुणाकार स्थिर राहिला असता. येथे तो विरल टोकाकडे वाढतो. संहती पाचपट कमी झाली, वेळ मात्र ५.७ पट वाढला, म्हणजे भासमान कोटी १.१ च्या जवळ येते. दीड कोटी असती तर शेवटचे वाचन ३३५ सेकंदांच्या आसपास गेले असते. १०००/t चा संहतीविरुद्ध आलेख जवळजवळ सरळ येतो, पण मूळबिंदूतून न जाता आडव्या अक्षाला त्याच्या किंचित उजवीकडे छेदतो. तो मूळबिंदूतून ओढूनताणून नेऊ नये.

गुणाकार विरल टोकाकडे वाढण्याऐवजी घटू लागला, तर आधी तापमानाचा संशय घ्यावा. तापमान १० अंशांनी चढले की अशा अभिक्रियांचा दर साधारण दुप्पट होतो. एका अंशामागे सुमारे सात टक्के. गोव्यात एप्रिल-मेमध्ये सकाळच्या तासिकेत सुरू केलेले वाचन दुपारपर्यंत लांबले, तर खोली दोन-तीन अंश सहज तापते. प्रबळ द्रावण आधी आणि विरल शेवटी अशा नेहमीच्या क्रमात ही उष्णता विरल वाचनांनाच मिळते, त्यांचा वेळ घटतो आणि संहतीचा परिणाम आहे त्यापेक्षा लहान दिसतो. उपाय साधा : वाचनांचा क्रम उलटसुलट ठेवावा, दर वेळी तापमान नोंदवावे आणि पहिले वाचन शेवटी पुन्हा घ्यावे. ३० सेकंदांचे वाचन अखेरीस २७ वर आले, तर मधल्या साऱ्या नोंदींकडे संशयाने पाहावे लागते.

पावसाळ्यात अडचण प्रकाशाची. ढग आला की फुली लवकर ‘जाते’. खिडकीपेक्षा दिव्याखाली काम करणे बरे. विरल द्रावणात गढूळपणा सावकाश वाढत असल्याने फुली नेमकी कधी गेली हे ठरवताना काही सेकंदांचा फरक पडतोच. प्रबळ टोकाला घड्याळ दाबणाऱ्या बोटाची ढिलाईच जास्त नडते. प्रत्येक वाचन तीनदा घेऊन सरासरी काढण्याची प्रथा त्यामुळे योग्य.

पात्र लगेच धुवावे. भिंतीला चिकटलेला गंधक पुढच्या वाचनात फुली आधीच धूसर करतो. हायपोचे द्रावण ताजे घ्यावे. जुन्यात हवेतील कार्बन डायऑक्साइडने व जीवाणूंनी विघटन झालेले असते, म्हणून ते साठवताना चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालतात, पण तेच या प्रयोगात आम्लाचा काही भाग खाते. सुटणारा सल्फर डायऑक्साइड दम्याच्या रुग्णांना त्रासदायक असतो. पावसाच्या झडीमुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या, तर वाचने कमी घ्यावीत आणि काम झाल्यावर मिश्रण सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ओतावे.

आम्लाची संहती बदलून हाच प्रयोग केला असता दरावर होणारा परिणाम पुष्कळच कमी आढळतो. शालेय प्रात्यक्षिकांत तो क्वचितच घेतला जातो.