चाळीस वेळा बरोबर, तरी खातं रिकामं

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मुलांनी गुंतवणूक मंडळ चालवलंय. त्यांनी मला अर्धा-पाऊण तास बोलायला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता: चार्टवरचे सिग्नल फसतात का? मी पोचलो तेव्हा दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा शेजारच्याला मोबाईलवर चार्ट दाखवत होता. पन्नास दिवसांच्या सरासरीची रेषा दोनशे दिवसांच्या रेषेला खालून वर छेदून गेली होती. याला गोल्डन क्रॉस म्हणतात, आणि तो खरेदीचा सिग्नल मानतात. चारशे रुपयांचा शेअर होता आणि त्याने जमवलेले चाळीस हजार रुपये एकाच फटक्यात त्यात घातले होते. शंभर शेअर.

सिग्नल चुकीचा आहे का, हे मला त्या चार्टवरून सांगता आलं नसतं, आणि ते सांगायला मी गेलोही नव्हतो. मला त्या शंभर या आकड्याबद्दल बोलायचं होतं.

सोबत एक कापडी पिशवी नेली होती. तिच्यात शंभर चिंचोके होते. त्यातल्या चाळिसांना चुना लावलेला, साठ कोरे. चुन्याचा चिंचोका म्हणजे फायद्याचा सौदा, कोरा म्हणजे तोट्याचा. नियम एवढाच की जितके रुपये धोक्यात घातले तितके तोट्यात जाणार, आणि फायदा झाला तर त्याच्या दुप्पट मिळणार. सरासरीच्या रेषांवर चालणारे सिग्नल साधारण याच स्वभावाचे असतात. बरेचदा चुकतात, थोड्या तोट्यात बाहेर काढतात, आणि मधूनच एखादी मोठी चाल पकडून देतात. हिशेब केला तर आपला सिग्नल चांगलाच निघतो. दर शंभर रुपयांच्या जोखमीमागे सरासरी वीस रुपये फायदा: चाळीस वेळा दोनशे मिळाले आणि साठ वेळा शंभर गेले, की शंभर सौद्यांत निव्वळ दोन हजार उरतात. दलाली आणि कर मी मुद्दाम बाजूला ठेवले.

मुलांचे चार गट केले. प्रत्येकाच्या खात्यात कागदोपत्री एक लाख. पहिला गट दर सौद्यात त्या वेळच्या भांडवलाच्या २ टक्के धोक्यात घालणार, दुसरा १०, तिसरा २० आणि चौथा ३०. एक मुलगी चिंचोका काढायची, तो परत पिशवीत टाकायचा नाही, आणि चारही गट मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करायचे. पिशवी एकच, क्रम एकच, सिग्नल एकच.

तेविसावा चिंचोका कोरा निघाला. मग आणखी एक कोरा, आणखी एक. तिसापर्यंत सलग आठ कोरे आले. चौथ्या गटातला एक जण उठून पिशवीत डोकावला; चुन्याचे चिंचोके आहेत की नाहीत, हे त्याला पाहायचं होतं. होते. साठ टक्के तोट्याच्या शंभर सौद्यांत कुठे ना कुठे सलग आठ तोटे येण्याची शक्यता निम्म्याच्या थोडीच खाली असते, म्हणजे जवळजवळ छापाकाट्याइतकी. सिग्नल बिघडल्याचं ते लक्षण नाही. सिग्नल ठणठणीत असला तरी हे होतं. पण त्या आठ सौद्यांत २ टक्केवाल्यांच्या दर रुपयातले ८५ पैसे उरले, १० टक्केवाल्यांचे ४३, २० टक्केवाल्यांचे १७, आणि ३० टक्केवाल्यांचे सहा पैसेसुद्धा नाहीत.

पिशवी रिकामी झाली तेव्हा चारही आकडे मी फळ्यावर लिहिले. २ टक्क्यांच्या गटाचे झाले १ लाख ४३ हजार. १० टक्क्यांचे २ लाख ६४ हजार. २० टक्क्यांचे १ लाख ७ हजार. ३० टक्क्यांच्या गटाकडे उरले ७,४२५ रुपये. आठ कोरे सुरुवातीला आले असते किंवा शेवटी, तरी हे आकडे बदलले नसते, कारण गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही.

चौथ्या गटाला हे पटेना. त्यांनीही तेच चाळीस फायदे घेतले होते. मग त्यांच्याचकडून पाच सौद्यांचा छोटा हिशेब करून घेतला: दोन फायदे, तीन तोटे. बेरीज केली तर दोनदा अधिक ६० आणि तीनदा उणे ३०, म्हणजे अधिक ३० टक्के. पण पैसा बेरजेने वाढत नाही. तो गुणाकाराने वाढतो आणि गुणाकारानेच घटतो. १.६ गुणिले १.६, मग तीन वेळा ०.७, उत्तर येतं ०.८७८. बेरीज तीस टक्के फायदा दाखवते आणि खातं बारा टक्क्यांनी रोडावतं. हाच हिशेब २ टक्क्यांनी केला तर बेरीज दोन टक्के सांगते आणि गुणाकार १.८. जोखीम लहान असेल तर बेरीज आणि गुणाकार जवळजवळ सारखेच राहतात. ती मोठी झाली की त्यांची फारकत होते, आणि सिग्नलने मिळवून दिलेला सगळा फायदा त्या फटीतून गळून जातो. एका सौद्यात ३० टक्के गमावले की पूर्वपदावर यायला ३० नव्हे, जवळपास ४३ टक्के कमवावे लागतात, हे त्याच गोष्टीचं दुसरं अंग.

आता सगळ्यांची नजर १० टक्क्यांवर गेली होती. तेच धरावं का, असं दोघा-तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेल्या सूत्राने याच पिशवीसाठी नेमकं १० टक्के उत्तर येतं. दीर्घकाळात भांडवल सर्वांत वेगाने वाढवणारा हिस्सा तोच. पण एक गोष्ट या सूत्राला ठाऊक असावी लागते: पिशवीत चुन्याचे चिंचोके किती आहेत. आमचे मोजलेले होते. बाजाराच्या पिशवीत कोणी मोजून ठेवलेले नसतात.

चार्टवाला मुलगा म्हणाला, "सर, मागच्या डेटावर तपासता येतं की."

येतं. समजा मागच्या शंभर सौद्यांत चाळीस फायद्याचे निघाले. शंभरच्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने पाचेक टक्के इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. खरं प्रमाण ४५ असू शकतं, ३५ असू शकतं. एकास दोन या मोबदल्यात ३३ टक्क्यांच्या जरा वर बरोबरी होते आणि त्याखाली तोटा सुरू होतो. म्हणजे शंभर सौद्यांच्या तपासणीनंतरही सिग्नलमध्ये खरोखर काही दम आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. खरं प्रमाण ३५ आहे असं धरून १० टक्क्यांचा हिशेब पुन्हा केला, तर शंभर सौद्यांनी एका लाखाचे ६३ हजार होतात. २ टक्क्यांवर मात्र १ लाख ६ हजार. आपला अंदाज चुकला तरी खातं जिवंत राहावं म्हणून अनुभवी लोक एक-दोन टक्क्यांवर थांबतात. मला स्वतःला एक टक्का बरा वाटतो.

चिंचोके काढणाऱ्या मुलीच्या घरी मासेमारीची बोट आहे, मिरकरवाड्याला. तिला हे सांगावं लागलं नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळीच्या संभाव्य ठिकाणांची माहिती येते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहाने पाहून ती काढलेली असते. ती म्हणाली, "माहिती चांगली असते, पण दर वेळी मासळी लागते असं नाही. बाबा डिझेल-बर्फाचा खर्च असा धरतात की पाच-सहा फेऱ्या रिकाम्या आल्या तरी सातव्या फेरीला बोट निघाली पाहिजे." ही ओळ मी फळ्यावर लिहिली. जाळं कुठे टाकायचं हे सिग्नल सांगतो. किती रिकाम्या फेऱ्या सोसायच्या, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

मग आम्ही परत त्या शंभर शेअरवर आलो. चारशेला घेतलेला शेअर कुठे आला म्हणजे आपला अंदाज चुकला असं मानशील, असं मी चार्टवाल्या मुलाला विचारलं. त्याने चार्ट बघून ३८० सांगितलं. मागचा तळ तिथे होता. म्हणजे एका शेअरमागे २० रुपयांची जोखीम. चाळीस हजारांचा एक टक्का ४०० रुपये. चारशे भागिले वीस, वीस शेअर. संख्या अशी उलट्या बाजूने काढायची असते: आधी चूक ठरवणारी किंमत, मग तिथवरचं अंतर, आणि शेवटी शेअर. शेअर जास्त उसळणारा असेल तर अंतर वाढतं आणि संख्या आपोआप घटते. किती शेअर परवडतात हे पाहून घेतले, तर जोखीम आपण ठरवलेलीच नसते.

फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारांत, ही सोय उरत नाही, कारण ते ठरलेल्या संख्येच्या गठ्ठ्याने, म्हणजे लॉटनेच घ्यावे लागतात आणि लॉट तोडता येत नाही. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या करारांची किमान किंमत १५ लाख रुपये केली. निर्देशांक एक टक्का हलला की १५ हजारांचा फरक, आणि अडीच लाखांच्या खात्यात तो सहा टक्के होतो. एक टक्का ही निर्देशांकाची नेहमीची हालचाल आहे. वायदेबाजारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत मिळून तोट्यात राहिले, हे सेबीच्याच पाहणीत आलं आहे. त्यांतले सगळे याच कारणाने बुडाले असं मी म्हणणार नाही. पण सौद्याचा आकार हाती नसलेल्या माणसाला सिग्नल फार थोडी मदत करू शकतो.

"मग ३८० चा स्टॉप लॉस लावला की झालं?" त्याने विचारलं.

बहुतेक दिवशी झालं. पण स्टॉप लॉस म्हणजे ती किंमत आली की बाजारात जाणारी ऑर्डर. समोर घेणारा असेल तरच ती पुरी होते. ३८० ला जागी होणारी आणि ३७९ च्या खाली न विकणारी लिमिट ऑर्डर लावली आणि वाईट बातमीनंतर शेअर सकाळी थेट ३५० ला उघडला, तर ऑर्डर जागी होते, पण विक्री होत नाही. २३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात निर्देशांक १० टक्के कोसळला आणि व्यवहार ४५ मिनिटं थांबवावे लागले. दिवसअखेर निफ्टी जवळपास १३ टक्के खाली होता. अशा दिवशी स्टॉप लॉसची जागा आपल्या हातात राहत नाही. किती शेअर घेतले आहेत एवढंच राहतं, कारण ते आदल्या दिवशीच ठरलेलं असतं.

त्याने तिथेच हिशेब केला. ३५० ला सुटका झाली, तर वीस शेअरवर हजार रुपये, अडीच टक्के. शंभर शेअरवर पाच हजार, साडेबारा टक्के. वहीत त्याने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग मोबाईल उघडून ऐंशी शेअरची विक्रीची ऑर्डर भरली, आणि बाजार साडेतीनलाच बंद झालाय हे लक्षात आल्यावर सकाळी सव्वानऊचा गजर लावला.